घरात फ्रिज आहे ना?

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या दुकानाचं फेसबुक पेज आहे, त्यांनी आज जरा कान द्या.

बेळगावातल्या एका मिठाईवाल्यांची गोष्ट. कोल्हापूरच्या एक बाई त्यांच्याकडून कुंदा घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर आंबूस वास. त्यांनी पेजवर लिहिलं, "काल घेतलेला कुंदा आज आंबला. पैसे पाण्यात." दुकानात मालकांचा पुतण्या मोबाईल घेऊन बसलेला. त्यानं फटकन लिहिलं, "मॅडम, घरात फ्रिज आहे ना?" पुढे हसरा चेहरा.

संध्याकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट गल्लीगल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुंदा बाजूलाच राहिला, लोकांनी फ्रिज धरला. एकानं विचारलं, "आमच्याकडे फ्रिज नाही, म्हणजे आम्ही कुंदा खायचाच नाही?"

रात्री काकांनी पुतण्याला समोर बसवलं, ते उत्तर काढायला लावलं आणि शब्द सांगून नवं लिहून घेतलं: "ताई, आधीचं उत्तर चुकीचं होतं, माफ करा. कुंद्याला वास आला हे वाचून वाईट वाटलं. बिलाचा फोटो आणि तुमचा नंबर आम्हाला मेसेजमध्ये पाठवा. उद्या सकाळी अकराच्या आत मी स्वतः फोन करतो." खाली स्वतःचं नाव. बस, एवढंच.

फोनवर खरं कारण कळलं. बाई म्हणाल्या, झाकणाला आतून पाणी सुटलं होतं. म्हणजे कुंदा गरम असतानाच डब्यात भरला होता, वाफ आतच कोंडली. फ्रिजचा संबंधच नव्हता! काकांनी नवा डबा पाठवला आणि पेजवर त्याच तक्रारीखाली लिहिलं, "ताईंशी बोलणं झालं. गरम माल भरला गेला होता, चूक आमची. डबा बदलून दिला."

 

तर उत्तर थोडक्यात, आणि पुढचं बोलणं खासगीत. कारण फोनवर कळतं, चारचौघांत फक्त वाद होतो. पुन्हा सांगतो, उत्तर थोडक्यात, पुढचं खासगीत. गिऱ्हाइकाचा नंबर, बिल, पत्ता सगळ्यांसमोर मागू नका. पैसे परत देण्याचा शब्दही चौकशीआधी तिथे देऊ नका. तक्रार कन्नडमध्ये आली तर उत्तर कन्नडमध्ये, मराठीत आली तर मराठीत; आपल्या भागात हा मान राखलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणि अकराच्या आत म्हटलं तर अकराच्या आत फोन गेलाच पाहिजे. नाही गेला तर बाई दुसरी तक्रार लिहितात, आणि तिला उत्तर देणं फार जड जातं. गूगलवरच्या तक्रारीला मात्र खासगी मेसेज करता येत नाही. तिथे उत्तरातच दुकानाचा नंबर द्या, आणि फोनवर कुणाला विचारायचं, त्याचं नावही.