एकच गाव, चार नोंदी
(सीमाभागातल्या वाचनालयांचे ग्रंथपाल आणि पतसंस्थांचे कारकून यांच्यासमोर बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एका वाचनालयाच्या सभासदांच्या यादीपासूनच सुरुवात करतो. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण ही गत आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीची आहे. गावाच्या रकान्यात येळ्ळूरचे सभासद मोजायला गेलं की आकडा कमी येतो. हाताने मोजले तर जास्त भरतात. स्पेलिंग तपासलं, सगळीकडे ‘येळ्ळूर’च लिहिलंय. मग संगणक हे सगळे येळ्ळूर एकत्र का धरत नाही?

कारण आपण अक्षराचा आकार बघतो आणि संगणक त्यामागचे आकडे बघतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, आणि काही चिन्हं अशी आहेत की त्यांना क्रमांक आहे पण पडद्यावर रूप नाही. ती नोंदीत येऊन बसतात आणि डोळ्यांना पत्ता लागत नाही. म्हणून पहिलं काम नोंदीची लांबी विचारायचं. शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे लिहा:

```
=LEN(B2)
```

‘येळ्ळूर’ची लांबी किती यायला हवी? य, एकाराची मात्रा, ळ, हलन्त, पुन्हा ळ, दीर्घ ऊकार, र. म्हणजे ७. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, हे एकदा लक्षात ठेवा, नाहीतर तुम्ही तीन अक्षरं मोजाल आणि सातचा आकडा बघून घाबराल. आता हे सूत्र खाली ओढलं की बऱ्याच ओळींत ७ येतं, आणि मध्येच काही ओळींत ८. तिथे आठवं कोण ते विचारायचं:

```
=UNICODE(MID(B2,8,1))
```

उत्तर १६० आलं तर ती नॉन-ब्रेकिंग स्पेस. साधी मोकळी जागा ३२ क्रमांकाची असते; ही १६० क्रमांकाची. ‘इथे ओळ तोडू नका’ असं सांगण्यासाठी ती केलेली आहे, आणि वेबसाइटच्या पानांवर ती सर्रास वापरतात. वेबपेजवरचा तक्ता उचलून शीटमध्ये पेस्ट केला की ती गुपचूप सोबत येते. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दाबलं तरी हीच उमटते. दिसायला दोघींत काडीचा फरक नाही.

इथे सगळ्यांचा हात TRIM वर जातो, आणि इथेच गफलत होते. TRIM फक्त ३२ क्रमांकाची जागा छाटतं, १६० ला ते हातही लावत नाही. CLEAN नावाचं दुसरं सूत्र आहे, नावावरून वाटतं की सगळं धुऊन काढेल; ते ० ते ३१ एवढीच चिन्हं काढतं. दोन्ही लावून झाली, नोंद होती तशीच राहिली, आणि मग माणूस म्हणतो की एक्सेलच बिघडलंय. एक्सेल ठीक आहे. आधी १६० चं ३२ करायचं आणि मग TRIM लावायचं, हा क्रम उलटा चालत नाही.

बरं, आठवं चिन्ह विचारलं आणि ‘र’चाच क्रमांक, म्हणजे २३५२ आला तर? मग जास्तीचं चिन्ह शेवटी नाही, मध्ये किंवा सुरुवातीला आहे. येळ्ळूरच्या बाबतीत ते बहुधा पाचव्या जागी सापडतं आणि आकडा येतो ८२०५. हा झिरो विड्थ जॉइनर, शून्य रुंदीचा जोडणारा. ‘पाय मोडलेलं अक्षर पुढच्याशी अर्ध्या रूपात जोडून दाखव’ एवढंच तो फॉन्टला सांगतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना काही कन्व्हर्टर प्रत्येक अर्ध्या अक्षरामागे हा ठेवून देतात. ळ्ळ हे जोडाक्षर बहुतेक फॉन्टांत त्याच्याशिवायही तसंच दिसतं, त्यामुळे तो असला काय, नसला काय, डोळ्यांना सारखंच. मण्णूरचंही तेच होतं. आपल्या गावांच्या नावांत ळ्ळ, ण्ण, ल्ल अशी दुहेरी अक्षरं भरपूर, म्हणून आपल्या याद्यांत हा पाहुणा जास्त.

चौथी नोंद सुरुवातीलाच बिघडलेली असते: ‘य’च्या आधी ८२०३, म्हणजे शून्य रुंदीची मोकळी जागा. हिची गंमत क्रमवारीत कळते. काही प्रोग्राम नुसत्या क्रमांकांच्या क्रमाने यादी लावतात. देवनागरीचे क्रमांक २३०४ पासून सुरू होतात. नावाआधी १६० असेल तर ते नाव ‘अ’च्याही वर चढतं, ८२०३ असेल तर ‘ह’च्याही खाली उतरतं. म्हणून छापील यादीत एखादा माणूस सापडला नाही की तो गळाला असं समजण्याआधी यादीचं पहिलं आणि शेवटचं पान बघा. उलट काही डेटाबेस मराठी क्रमवारी लावताना ही शून्य रुंदीची चिन्हं हिशेबातच धरत नाहीत. तिथे दोन्ही येळ्ळूर शेजारी शेजारी बसतात आणि तरीही ‘एकच आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. क्रमवारी नीट लागली म्हणून यादी शुद्ध, असं धरून चालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे सगळं ऐकून कोणीतरी उत्साहाने ८२०५ सरसकट पुसून टाकणार. थांबा. कऱ्हाडकर आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ लिहायच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही बरोबर. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून j दाबला की ‘ऱ’ येतो, तो २३५३. त्याला हलन्त आणि पुढे ह. या रीतीने कऱ्हाडकरची लांबी ८ भरते. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि मग जॉइनर, लांबी ९. पडद्यावर दोन्ही एकसारखे. दुसऱ्यातला जॉइनर काढलात तर र आणि हलन्ताचा रफार होतो, तो ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि सभासद ‘कर्हाडकर’ होतात. पुस्तकांच्या यादीत तर अर्थच बदलतो: डोंगरातल्या ‘दऱ्या’ होत्या, त्याचा ‘दर्या’ होऊन समुद्र येतो. खानापूरच्या जंगलावरचं पुस्तक समुद्राच्या कप्प्यात!

म्हणून आधी र-हलन्त-जॉइनर या तिघांच्या जागी ऱ-हलन्त आणायचं, आणि मगच उरलेले जॉइनर काढायचे. मूळ नोंद B मध्ये असेल तर C मध्ये हे:

```
=SUBSTITUTE(B2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

आणि D मध्ये हे:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,UNICHAR(8205),""),UNICHAR(8203),""),UNICHAR(160)," "))
```

क्रमांक लिहायचा त्रास वाटेल, पण सूत्रात थेट ‘र्’ टाइप केलात तर तुमचा कीबोर्ड त्यामागे काय ठेवतोय हे पुन्हा दिसणार नाही. UNICODE आणि UNICHAR एक्सेल २०१३ पासून आहेत. त्याआधीचं एक्सेल असेल तर ही सूत्रं चालणार नाहीत.

D हा रकाना फक्त जुळणीसाठी. मोजणी, दुबार शोधणं, क्रमवारी, सगळं त्याच्यावर. B ला हात लावायचा नाही. ओळखपत्र आणि पावती B वरूनच छापायची. काही नावांत जॉइनर मुद्दाम घातलेला असतो, ‘क्ष’ जोडून न दाखवता अर्धा क आणि पूर्ण ष दाखवायचा असतो, आणि माणसाला आपलं नाव तसंच हवं असतं. तो अधिकार सूत्राकडे देऊ नये.

अवतरणचिन्हांचं थोडक्यात सांगतो. गोव्याकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबं आपल्याकडे बरीच आहेत. डि'सोझा हे आडनाव साध्या कीबोर्डवर लिहिलं तर मधलं चिन्ह ३९ क्रमांकाचं. वर्डमध्ये लिहिलं तर ते आपोआप वळतं आणि ८२१७ होतं. दोन नोंदी झाल्या. जुळणीच्या रकान्यात ८२१६ आणि ८२१७ दोन्हींचं ३९ करा, प्रश्न मिटला. घरनंबराच्या रकान्यात मात्र वेगळीच खोड आहे. सेलमध्ये 'अ' असं साध्या चिन्हांत टाइप केलं की एक्सेल पहिलं चिन्ह ‘हा मजकूर आहे’ अशी खूण समजून गिळतं आणि अ' एवढंच उरतं. वळलेलं चिन्ह असेल तर दोन्ही टिकतात. घरनंबरात अवतरणं वापरूच नयेत असं माझं मत आहे, पण नगरपालिकेच्या कागदावर असतात, त्याला आपण काय करणार.

एवढं केल्यावर किती दुबार निघतील? वाटतात तेवढे नाहीत. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्यामुळे यादीत बेळगाव, बेळगावी आणि जुन्या वळणाचं अनुस्वारवालं बेळगांव अशी तिन्ही सापडतात. ही तफावत उघड्या डोळ्यांना दिसते, ती वरच्या सूत्रांच्या कक्षेत येत नाही. कोणतं रूप ठेवायचं हे संस्थेने बसून ठरवायचं. आणि जुळणीच्या रकान्यात दोन नोंदी सारख्या आल्या म्हणजे माणूस एकच, असंही नाही. पाटलांच्या गावात एकाच नावाचे दोघे चुलतभाऊ असणं नवलाचं नाही. वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोन बघितल्याशिवाय ओळ पुसू नका. फोन नंबर जुळत नसेल तर त्याचीही LEN बघा. दहाच्या जागी अकरा आलं तर काय समजायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटी एका ग्रंथपाल ताईंनी विचारलं, “सर, आमच्याकडे नावं कन्नडमध्येही लिहावी लागतात. त्या रकान्याला हेच सूत्र लावायचं का?”

D चं सूत्र लावा, फक्त त्यातल्या C2 च्या जागी कन्नड नावाचा सेल लिहा. C चं नको. ते आपल्या ‘र’साठी आहे. कन्नडमध्ये आणखी एक चिन्ह जास्त भेटेल, ८२०४, म्हणजे न जोडणारा. ‘सॉफ्टवेअर’सारखा शब्द कन्नडमध्ये लिहिताना ‘ट’चा पाय मोडलेलाच दिसावा, ‘व’ त्याच्या खाली लटकू नये, म्हणून तो मुद्दाम घालतात. एकाने घातला आणि दुसऱ्याने नाही घातला की दोन नोंदी झाल्या. जुळणीच्या रकान्यात तो काढा, छापायच्या रकान्यात राहू द्या, नाहीतर कन्नड वाचणारा तुमच्या पाटीकडे बघून हसेल. आणि मराठी नावाची कन्नड नावाशी सूत्राने जुळणी करायला जाऊ नका. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक द्या आणि दोन्ही रकाने त्या क्रमांकावर बांधा.