सकाळचा आकडा

नमस्कार श्रोतेहो.

हार्ट फेल्युअर असलेल्या माणसाच्या घरी मी कधी गेले, की आधी वजनकाटा कुठे आहे ते पाहते. तो कपाटाखाली धूळ खात असेल, तर मला काळजी वाटते. न्हाणीघराच्या दाराशी, पाय लागेल असा ठेवलेला असेल आणि शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल आणि वही असेल, तर जीव भांड्यात पडतो. गेली कित्येक वर्षं मी याच रुग्णांच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करते आहे, आणि आज मला तुमच्याशी त्या वहीबद्दल बोलायचं आहे.

हृदयाचा पंप कमी पडला, की मूत्रपिंडांपर्यंत रक्त पुरेशा जोरानं पोचत नाही. मूत्रपिंडांची समजूत होते, की शरीरात पाणीच कमी पडलं आहे. मग ती मीठ धरून ठेवू लागतात, आणि मिठामागोमाग पाणीही थांबतं. खरं तर पाणी आधीच जास्त झालेलं असतं, पण ते त्यांना कळत नाही. हे पाणी आधी पोटात, पायांत, फुप्फुसांत गुपचूप मुरतं. घोट्यावर डोळ्यांना दिसेल इतकी सूज येईपर्यंत बहुतेकदा काही लिटर पाणी साठून गेलेलं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून डोळ्यांच्या आधी काट्याला कळतं.

वजन करायची पद्धत अगदी ठरलेली हवी. सकाळी उठलात, लघवी करून आलात, अजून काही खाल्लं-प्यायलं नाही, अंगावर रोजच्यासारखेच हलके कपडे आहेत, त्याच वेळी काट्यावर उभं राहायचं. काटा कठीण, सपाट जमिनीवर असावा, सतरंजीवर नको. आकडा लगेच लिहायचा, दशांशासकट. संध्याकाळी पुन्हा वजन करू नका. दिवसभरात खाण्यापिण्यानं ते सहज एखाद किलो वर-खाली होतं, आणि उगीच धास्ती बसते.

आता हा आकडा कशाशी ताडून पाहायचा? तुमच्या कोरड्या वजनाशी. सूज उतरली आहे, दम लागत नाही, आडवं झोपता येतं, अशा स्थितीत डॉक्टरांनी ठरवलेलं जे वजन असतं त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो. ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तुम्हाला ते माहीत नसेल, तर पुढच्या भेटीत सगळ्यात आधी तेच विचारा.

एक उदाहरण घेऊन सांगते. अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ, कोरडं वजन 64.2 किलो. सोमवारी काटा दाखवतो 64.2, मंगळवारी 64.4, बुधवारी 64.1. असे दोनतीनशे ग्रॅम इकडेतिकडे होतातच, त्यात काही नाही. गुरुवारी 64.9. शुक्रवारी 65.6. शनिवारी सकाळी 66.3. सलग दोन दिवसांत प्रत्येकी सातशे ग्रॅम. एकेका दिवसाकडे पाहिलं तर एकही दिवस किलोभराचा नाही, म्हणून गुरुवारी आणि शुक्रवारी त्यांनी मनाशी म्हटलं, "जेवण जरा जास्त झालं असेल." शनिवारी पत्नीनं वही उघडली आणि शनिवारच्या आकड्यातून बुधवारचा वजा केला. तीन दिवसांत 2.2 किलो. "अहो, काल रात्री तुम्ही तिसरी उशी घेतलीत ना?" त्यांनी विचारलं. घेतली होती. आडवं पडलं की खोकला येत होता. त्यांनी फोन केला.

फोनवर मी सगळ्यात आधी विचारलं, की बुधवारपासून नवीन काय सुरू झालं. मीठ वाढलं नव्हतं, पाणीही वाढलं नव्हतं, लघवीची गोळी चुकली नव्हती. मग हळूच निघालं, की गुडघा दुखत होता म्हणून बुधवारी दुपारपासून ते आयब्युप्रोफेन घेत होते, दिवसातून तीनदा. ही गोळी, आणि डायक्लोफेनॅकसारख्या तिच्या भावंडांपैकी कुठलीही, मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते आणि लघवीच्या गोळीचं काम अडवते. ताटातलं मीठ तेवढंच राहिलं तरी शरीरातलं वाढत जातं. हार्ट फेल्युअरमध्ये दुखण्याची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो ते यासाठी.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, लघवीची गोळी फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅमवरून तीन दिवसांसाठी 80 केली आणि रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलं. रविवारी वजन 65.4, सोमवारी 64.8, मंगळवारी 64.3. डोस पुन्हा पहिल्यासारखा झाला. ही मात्रा त्यांच्यापुरती होती, तुम्ही तशीच घेऊ नका. काही रुग्णांना डॉक्टर आधीच लिहून देतात, की अमुक वजन वाढलं तर तमुक दिवस एक गोळी जास्त. तसा कागद हातात असेल तरच गोळी वाढवायची, आणि त्याच दिवशी दवाखान्याला कळवायचंही.

मिठाबद्दल मी फार कडक नाही, आणि त्याला कारण आहे. दिवसाला दीड ग्रॅमहून कमी सोडियम, इतकं कडक पथ्य पाळणाऱ्या रुग्णांचा मोठा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होणं कमी झालेलं दिसलं नाही. रुग्णांना वाटणारा त्रास मात्र थोडा कमी झाला. म्हणून जेवण अगदी अळणी करून माणसाची भूकच मारू नका. दिवसभराचं सगळं मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, यापलीकडे जायचं नाही, एवढं सांभाळलं तर बहुतेकांना पुरतं. खरी अडचण चमच्यातल्या मिठाची नसतेच. ती पाकीटबंद, डबाबंद आणि मिठात मुरवलेल्या पदार्थांतल्या मिठाची असते. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. समजा, 100 ग्रॅममागे 800 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे आणि पाकीट 150 ग्रॅमचं आहे. ते एकट्यानं संपवलं, तर 1200 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच तीन ग्रॅम मीठ पोटात गेलं. दिवसाच्या वाट्यातलं निम्म्याहून जास्त. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांतही भरपूर सोडियम असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आणि कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. हार्ट फेल्युअरच्या अनेक गोळ्या, उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिल, रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढवतात. दोन्ही एकत्र आली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पाण्याचं तर आमचंही मत बदललं आहे. पूर्वी प्रत्येकाला सरसकट "दीड लिटरच" असं सांगितलं जायचं. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. दीड लिटरचं बंधन पाळणाऱ्यांची तब्येत मोकळेपणानं पिणाऱ्यांहून चांगली राहिलेली दिसली नाही, तहानेचा त्रास मात्र जास्त झाला. तेव्हा वजन स्थिर असेल आणि डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल, तर तहानेपुरतं प्या. पण वारंवार पाणी साठत असेल किंवा रक्तातलं सोडियम उतरलं असेल, तर डॉक्टर दिवसाला दीड ते दोन लिटरची मर्यादा घालतात, आणि ती पाळायची. त्यासाठी सकाळी एका बाटलीत तेवढं पाणी मोजून भरा. चहा, दूध, सूप, सरबत, जे काही पातळ घ्याल, तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाका. बाटली रिकामी झाली, की दिवसाचा हिशेब संपला. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, बर्फाचा लहानसा खडा चघळा.

आता त्या गृहस्थांची पुढची गोष्ट. चार महिन्यांनी त्यांची वही पाहिली तर आकडे सरळ रेषेत, रोज 64 च्या आसपास. तरी पावलं सुजलेली, पँट कमरेला सैल, आणि वाकून बूट घालताना दम लागतोय. नडगीच्या हाडावर अंगठा दहा अंक मोजेपर्यंत दाबला, तर खळगा तसाच राहिला. भूक गेल्यामुळे त्यांचं मांस झिजलं होतं आणि गेलेल्या मांसाची जागा पाण्यानं भरून काढली होती, म्हणून काट्यावर काहीच दिसत नव्हतं. त्यांचं कोरडं वजन नव्यानं ठरवलं, ते 61.5 निघालं. असं काही महिन्यांत घडतं, म्हणून आकड्याइतकंच स्वतःच्या पायांकडे आणि श्वासाकडे पाहायला हवं. वजन स्थिर असतानाही बिघाड होतो.

त्याच दिवशी फोन करावा असं कधी? एका दिवसात किलोहून जास्त, किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. वजन काहीही असो, उशा वाढल्या, रात्री धाप लागून उठून बसावं लागलं, पोट फुगून दोन घासांत भरू लागलं, लघवी कमी झाली, तरीही फोन करा. आणि उलटंही होतं. उलट्या, जुलाब, ताप यांनी वजन दोन किलो घसरलं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, अशा वेळी लघवीची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे विचारायलाच हवं.

फोनवर बोलताना वही समोर ठेवा. आजचं वजन, कोरडं वजन, गेल्या सात दिवसांचे आकडे, झोपायला किती उशा लागतात आणि गेल्या आठवड्यात कुठली नवी गोळी घेतली, एवढं सांगितलं की आम्हाला निर्णय घेता येतो. पण बसल्या जागी धाप लागत असेल, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, गुलाबी फेसाळ थुंकी पडत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळे पडत असतील, शुद्ध हरपली किंवा माणूस अचानक भलतंच बोलू लागला, तर दवाखान्याचा फोन लागेपर्यंतही थांबू नका. थेट रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत रुग्णाला आडवं न करता पाय खाली सोडून बसवून ठेवा, आणि वही बरोबर द्या. शुद्ध गेली असेल तर मात्र बसवू नका. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिकेचा फोन चालू ठेवून ते सांगतील तशी छाती दाबायला घ्या.