पावसातली मूर्ती आणि तिच्यातलं पाणी

(पेण परिसरातल्या तरुण मूर्तिकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आपला धंदा असा की माती वाळवायची ती नेमकी आषाढ-श्रावणात. म्हणून आज एकाच गोष्टीबद्दल बोलतो, मूर्तीतलं पाणी जातं कुठे.

मी एकदा दीड फुटाची शाडूची मूर्ती साच्यातून काढल्याबरोबर काट्यावर ठेवली. वजन भरलं नऊ किलो. पूर्ण वाळल्यावर तीच मूर्ती सात किलोची झाली. म्हणजे दोन लिटर पाणी तिच्यातून उडून गेलं. खोलीत अशा चाळीस मूर्ती असतील तर ऐंशी लिटर पाणी हवेत जाणार. बाहेरची हवा आधीच ओली, खिडक्या पावसामुळे बंद. मग ते पाणी खोलीतच फिरत राहतं, आणि आठ दिवसांनीही मूर्ती गालाला लावली तर गार लागते.

घाईत आपण हॅलोजन लावतो आणि पंखा थेट मूर्तीवर सोडतो. इथेच घात होतो. बोटं, कान, मुकुटाची कड पातळ असते, ती आधी सुकून आकसते. पोट आणि बैठक अजून ओलीच. सुकलेला भाग ओल्या भागाला ओढतो आणि तडा जातो, बहुतेक वेळा जिथे जाड भाग पातळ भागाला जुळतो तिथे, म्हणजे मनगटाशी किंवा सोंडेच्या वळणावर. म्हणून पहिले दोन दिवस बोटांवर आणि कानांवर ओलसर फडकं टाका, त्यावर सैल प्लास्टिक. सगळी मूर्ती बरोबरीने सुकली पाहिजे. मूर्ती पाटावर सपाट ठेवू नका. खाली दोन पट्ट्या द्या, म्हणजे पोकळीतली ओलही बाहेर पडेल.

त्यानंतर ऊब द्या, पण मूर्तीला नव्हे, खोलीला. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, पण हवेची आणखी ओल घेण्याची ताकद वाढते. एवढी पाच अंशांची ऊब पुरते. मात्र ओली झालेली हवा बाहेर गेली पाहिजे. वरच्या बाजूला छोटा एक्झॉस्ट आणि समोरच्या भिंतीत खाली हवा यायला फट, एवढं केलंत तर वाळवण चालू राहतं. नाहीतर विजेचं बिल वाढतं आणि मूर्ती ओलीच राहते.

वाळली हे कसं ओळखायचं? रंग पांढुरका दिसला म्हणून विश्वास ठेवू नका, तो फक्त वरचा थर. प्रत्येक खेपेतली सगळ्यात जाड मूर्ती रोज सकाळी तोला आणि वजन पाटावर खडूने लिहा. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही, की रंगाला घ्या. आत ओल असताना रंग दिला तर तो फुगतो, पोपडे धरतो, आणि तोवर चतुर्थी दारात आलेली असते. गिऱ्हाईक ती मूर्ती देवघरात बसवणार आहे, हे मला तरी विसरता येत नाही.

आता लाईट जाण्याबद्दल. लाईट गेली की एक्झॉस्ट थांबतो आणि पावसाने गार झालेल्या पत्र्याला आतून घाम सुटतो. एका वर्षी माझ्या अकरा रंगवलेल्या मूर्तींवर पत्र्यावरून थेंब पडले. छप्पर कुठेच गळत नव्हतं, ते खोलीतलंच पाणी होतं. तेव्हापासून पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून ताडपत्री उतरती बांधतो, तिची खालची कड भिंतीपाशी पन्हळीत सोडतो. लाईट गेल्या गेल्या वरची झडप हाताने उघडायची.

अशा वेळी काहीजण गॅसची शेगडी पेटवतात. कृपा करून हे करू नका. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच खोलीत येतं. शिवाय बंद खोलीत विषारी वायू साचतो. कोळशाची शेगडी तर त्याहून घातक, तिथे आपली पोरं रात्री झोपलेली असतात.

कॉम्प्रेसरच्या टाकीतही हेच पाणी साठतं. पावसाळ्यात सकाळी काम सुरू करण्याआधी आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत खालचा कॉक उघडा, पाणी निघून नुसती हवा येऊ लागेपर्यंत. नाहीतर गनमधून रंगाबरोबर पाण्याचे शिंतोडे उडतात आणि चेहऱ्यावर डाग पडतात. लाईट गेली की आधी कॉम्प्रेसरचं बटण बंद करा आणि गनमधला रंग काढून ती लगेच धुवा. लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबा, व्होल्टेज बघा. मशीनच्या डोक्यात अडकलेली हवा सुटल्याची खात्री करा, मगच बटण दाबा. भरल्या दाबावर आणि कमी व्होल्टेजवर मोटर उचलत नाही, नुसती घुमते, आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळतं.