ब्लीचच्या वाटीतले पावणेचार मिलिलिटर

(दृश्य: नाशिक, कॉलेज रोडवरचं सलून. वजनकाटा, वाटी, ब्रश.)

निवेदन:
काट्यावर वाटी, वाटीत 30 ग्रॅम निळसर ब्लीच पावडर. त्यावर 60 मिलिलिटर डेव्हलपर, 20 व्हॉल्यूमचा, म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्रशने घोटून गुठळ्या मोडल्या, की मगच तिसरी वस्तू येते. मापाच्या झाकणातून 3.75 मिलिलिटर बॉण्ड बिल्डर, म्हणजे ब्लीच चालू असताना केसाच्या आतले बंध वाचवण्यासाठी घालायचं औषध. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. अंदाजपंचे ओतायची ही गोष्ट नाही.

(दृश्य: एकच केस, जवळून.)

केसात केराटिनच्या साखळ्या असतात आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवतात गंधकाचे पूल, डायसल्फाइड बंध. केसाची ताकद बऱ्याच अंशी यांच्यावर असते. ब्लीच अल्कलीने केस फुगवतं आणि आतलं काळं रंगद्रव्य जाळतं. पण त्याला रंगद्रव्य आणि पूल यांतला फरक कळत नाही. पूल तुटतो, आणि ऑक्सिडेशन पुढे गेलं की गंधकाचं सिस्टेइक आम्ल होतं. तिथून मागे येता येत नाही. कोणतीही बाटली तो पूल पुन्हा बांधत नाही.

म्हणूनच हे औषध वाटीत, त्याच वेळी हवं. 2014 मध्ये ओलाप्लेक्स बाजारात आलं ते याच दाव्यानं: त्यातलं मॅलिएट नावाचं रसायन मोकळ्या झालेल्या गंधकाला वेळीच पकडतं. सगळ्या रसायनतज्ज्ञांना हे पटत नाही. यातली अनेक उत्पादनं आम्लधर्मी असल्यामुळे मिश्रणाची अल्कली थोडी उतरते, बराचसा फायदा त्यातूनच होतो, असं काहींचं म्हणणं आहे. खुर्चीवर बसलेल्यांना मात्र परिणाम बटेवर दिसतो.

(दृश्य: कानामागची एक बट, दोन भागांत विभागलेली. दोन फॉइल.)

हे केस खांद्याखालपर्यंतचे. वरचे सहा इंच नैसर्गिक काळे, खाली दोन वर्षांपूर्वी घरी लावलेला पाकिटातला काळा रंग. मागणी आहे राखाडी बेजची, म्हणजे आधी केस फिकट पिवळ्यापर्यंत न्यावे लागणार. म्हणून आधी चाचणी. डावीकडे साधं ब्लीच, उजवीकडे तेच ब्लीच, बॉण्ड बिल्डर घालून. दर 10 मिनिटांनी फॉइल उघडून बघायचं. बट फॉइलमध्ये तापली तर तिथेच थांबायचं आणि धुवायचं. जुन्या रंगात किंवा भेसळीच्या मेहंदीत धातूंचे क्षार असले की असं होतं.

(दृश्य: 40 मिनिटांनंतर. ओल्या बटा, दोन बोटांत ताणलेल्या.)

डावी बट पिवळी झाली आहे. ओली असताना ताणली की च्युइंगमसारखी लांबते आणि परत आखडत नाही. उजवी अजून नारिंगी-पिवळी आहे. तिला आणखी 10 मिनिटं दिली. आता रंग डावीसारखाच, पण ही बट ताणून सोडली की जागेवर येते.

ती जास्तीची 10 मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. बॉण्ड बिल्डरने रंग थोडा सावकाश उघडतो, आणि घाईत काही जण भरपाई म्हणून 30 किंवा 40 व्हॉल्यूमचा डेव्हलपर घेतात. मग वाचवलेलं सगळं तिथेच जातं. डेव्हलपर 20 वरच ठेवायचा आणि वेळ द्यायचा. एका बैठकीत नारिंगीच्या पुढे गेलं नाही तर दुसरी बैठक काही आठवड्यांनी.

(दृश्य: मूळ, फॉइलच्या रांगा. नंतर बेसिन.)

काळा रंग बसलेली टोकं आधी, मुळं शेवटी. टाळूच्या उबेने मुळाजवळ ब्लीच लवकर चढतं. टाळूची जळजळ आणि फोड यांपासून ही बाटली वाचवत नाही.

धुतल्यावर बॉण्ड बिल्डरचा दुसरा टप्पा, क्रीम, किमान 10 मिनिटं. मग शाम्पू आणि राखाडी बेज छटा देणारा टोनर.

(दृश्य: बिल.)

पैसे द्यावेत ते अशाच केसांसाठी: काळ्यापासून फिकट पिवळ्यापर्यंतचा प्रवास, आधीचा रंग, पुन्हा पुन्हा ब्लीच, किंवा मुळातच बारीक केस. कोऱ्या केसांवर चार कॅरॅमल हायलाइट्स हव्या असतील तर गरज नाही. फक्त गडद रंग चढवायचा असेल तर मुळीच नाही. आणि च्युइंगम झालेल्या केसांवर "रिपेअर" म्हणून विकलं तर तो खर्च वाया. तिथे कात्रीच लागते.

बिलावर ही वस्तू वेगळी लावली असेल, तर ती वाटीत पडताना दिसली पाहिजे. सलूनमध्ये विचारायचे प्रश्न दोनच: किती मिलिलिटर घातलं, आणि डेव्हलपर किती व्हॉल्यूमचा घेतला?

(दृश्य: दोन सुकलेल्या बटा, पांढऱ्या टॉवेलवर शेजारी शेजारी.)