खडकचक्राच्या फोटोत बाणाचं टोकच दिसत नाही? मग हे बघा

नमस्कार मंडळी! पुस्तकातल्या खडकचक्राचे फोटो इतक्या जणांनी पाठवलेत की आज बसलोच. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच आहे: "सर, हा बाण नक्की कुठून कुठे जातो?"

अग्निजन्य, गाळाचा, रूपांतरित हे तीन खडक तुम्हाला माहीत आहेत, ते सोडून देतो. हा फोटो बघा. पान शिवणीपाशी वाकलंय, त्यामुळे ग्रॅनाइट आणि त्यापासून बनणारा रूपांतरित खडक नाईस यांच्यामधल्या बाणाचं टोक गायब झालंय. अंदाज करू नका, बाणावरचे शब्द वाचा. 'उष्णता व दाब' लिहिलंय ना? मग टोक रूपांतरित खडकाकडेच. 'वितळणे' असेल तर टोक शिलारसाकडे आणि 'थंड होणे' असेल तर अग्निजन्याकडे.

आता माझा जुना राग. "उष्णतेने खडक वितळला आणि रूपांतरित झाला" असं दर आठवड्याला कुणीतरी लिहितं. नाही हो! वितळला की तो शिलारस झाला. रूपांतर घन अवस्थेतच होतं.

वीटभट्टी आठवा. माती भाजते, रंग बदलतो, कडक होते, पण विटेचा आकार तसाच राहतो. हे रूपांतर. भट्टीत जिथे आच फार लागते तिथल्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात. तो वेगळा बाण.

खडकातही हे दिसतं. बंगळुरूच्या लालबागेतल्या खडकावर मी तासभर बसलो होतो. तो सुमारे ३०० कोटी वर्षं जुना नाईस आहे, फिकट आणि गडद पट्ट्यांचा. दाबाखाली अभ्रकासारखी चपटी खनिजं एका दिशेने लागतात, खनिजं वेगळी होतात आणि असे पट्टे तयार होतात. सगळा खडक वितळला असता तर पट्टे उरलेच नसते.

म्हणूनच रूपांतरितापासून थेट अग्निजन्याकडे काढलेला बाण मला खटकतो. त्यावर 'वितळणे व थंड होणे' लिहिलेलं असतं, म्हणजे दोन बाण एकात कोंबलेले. मध्ये शिलारसाचा डबा तुम्ही स्वतः काढा.

एकाने विचारलंय, किती तापमानाला वितळतो? ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरलेलं असेल तर खोलवर साधारण ६५० अंश सेल्सिअसपासून वितळायला लागतो, कोरडा असेल तर खूप जास्त लागतं. काही खडक तर अर्धवट वितळून तिथेच गोठलेले सापडतात, त्यांना मिग्मटाइट म्हणतात. तिथे दोन्ही बाण एकाच दगडात दिसतात.

आणि हो, गोल फिरायची सक्ती नाही. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट रूपांतरित न होताच झिजतोय आणि नद्या त्याचा गाळ समुद्रात नेतायत. चित्रात अग्निजन्याकडून गाळाकडे जाणारा जो आडवा बाण आहे, तो हाच. फोटोत तो बहुतेक वेळा दुसऱ्या बाणाखाली दबलेला असतो. 'विदारण' हा शब्द शोधा, तो सापडेल.