थायरॉईड काढल्यानंतरचा दुसरा दिवस

[दृश्य: रुग्णाचा दंड, त्यावर बीपी मोजण्याचा पट्टा]

पट्टा फुगवलाय. दाब वरच्या रक्तदाबापेक्षा थोडा जास्त ठेवलाय आणि तो तसाच तीन मिनिटं राहू द्यायचा आहे. दोन मिनिटं होता होताच मनगट आत वळायला लागतं. बोटं सरळच राहतात, पण मुळाशी वाकून एकमेकांना चिकटतात आणि अंगठा तळव्यावर आडवा येतो. बाईंनी हात मुद्दाम वळवलेला नाही. सरळ कर म्हटलं तरी त्यांना तो करता येत नाही. या खुणेला त्रूसो चिन्ह म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या त्रूसो या फ्रेंच डॉक्टरांनी ती टिपून ठेवली.

समजा, या पंचेचाळिशीतल्या बाई आहेत. काल सकाळी त्यांची थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली. आज संध्याकाळपासून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येताहेत. रक्ताचा रिपोर्ट आलाय. कॅल्शियम ७.१. ते दर डेसिलिटर रक्तात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असायला हवं.

[दृश्य: चेतापेशी, तिच्या पडद्यावरचे सोडियमचे मार्ग]

शरीरात कॅल्शियम सुमारे एक किलो असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत असतं. मग रक्तातलं एवढंसं कमी झालं म्हणून बिघडतं कुठे? बिघडतं ते चेतापेशीत. पेशीबाहेर पुरेसं कॅल्शियम असेल तर सोडियम आत घेणारे मार्ग सहजासहजी उघडत नाहीत. ते घटलं की किरकोळ कारणानेही उघडतात. चेता विनाकारण संदेश सोडत राहते आणि स्नायू आखडतात. हे काम करतं ते प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं कॅल्शियम, म्हणजे एकूण कॅल्शियमच्या जवळजवळ निम्मं. म्हणूनच बाई घाबरून भराभर श्वास घ्यायला लागल्या की मुंग्या वाढतात. रक्त किंचित जास्त अल्कधर्मी होतं, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला जास्त कॅल्शियम चिकटतं आणि मोकळं आणखी घटतं. एकूण आकडा मात्र तोच दिसतो.

[दृश्य: थायरॉईडची मागची बाजू]

थायरॉईडच्या मागे मसूरडाळीएवढ्या, बहुधा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रंग पिवळसर तपकिरी, त्यामुळे चरबीत सहज हरवतात. माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रोम यांनी केलं, तेही वैद्यकीय विद्यार्थी असताना. तोवर शल्यविशारद थायरॉईड काढतच होते आणि काही रुग्णांचे हातपाय नंतर का आखडतात याचं कोडं सुटत नव्हतं. आज ग्रंथी ओळखून जपतात, तरी त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दुखावल्या तर ग्रंथी काही काळ काम थांबवतात.

पॅराथायरॉईडच्या पेशींच्या पृष्ठभागावर मोकळं कॅल्शियम ओळखणारं एक प्रथिन असतं. कॅल्शियम जरा उतरलं की काही सेकंदांत पॅराथायरॉईड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच, रक्तात सुटतं. ते टिकतं जेमतेम काही मिनिटं. बाईंच्या रक्तात पीटीएच आहे ४. तपासणीची खालची मर्यादा साधारण १५ आहे. कॅल्शियम इतकं उतरलेलं असताना खरं तर ते भरपूर वाढायला हवं होतं.

[दृश्य: हाडाचा सूक्ष्म छेद, नंतर किडनीची सूक्ष्म नलिका]

हे हॉर्मोन नसल्याने नेमकं काय थांबलं?

हाडात एक गंमत आहे. हाड कुरतडतात त्या अस्थिभक्षक पेशी, पण पीटीएचचा निरोप थेट त्यांना जातच नाही. तो जातो हाड बांधणाऱ्या पेशींना, आणि त्या मग रँक-लायगँड नावाचं प्रथिन पुढे करून कुरतडणाऱ्यांना कामाला लावतात. बाईंच्या हाडात आता ही हालचाल मंदावली आहे.

किडनीत जे थांबलं ते जास्त महत्त्वाचं. दिवसाला सुमारे दहा ग्रॅम कॅल्शियम तिथे गाळलं जातं आणि त्यातलं ९८ टक्के किंवा अधिक परत घेतलं जातं. शेवटचा थोडा हिस्सा दूरच्या नलिकेत पीटीएचच्या सांगण्यावरून परत येतो. तो आता लघवीवाटे जातोय. फॉस्फेटचं उलट. पीटीएच ते बाहेर टाकायला लावतं, त्यामुळे बाईंच्या रक्तात फॉस्फेट वाढलंय. निदानात हे फार उपयोगी पडतं. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने कॅल्शियम उतरलं असतं तर पीटीएच चढलेलं आणि फॉस्फेट कमी दिसलं असतं.

आतड्यावर मात्र पीटीएचचा थेट अंमल नाही. त्वचेत तयार झालेलं किंवा अन्नातून आलेलं ड जीवनसत्त्व यकृतात एकदा बदलतं, मग किडनीत दुसऱ्यांदा बदलून कॅल्सिट्रायॉल होतं. ही दुसरी पायरी पीटीएच चालवतं. कॅल्सिट्रायॉल लहान आतड्याच्या पेशींना कॅल्शियम आत घेणारे मार्ग आणि ते पलीकडे वाहून नेणारं प्रथिन बनवायला लावतं. त्याच्याशिवाय खाल्लेल्या कॅल्शियमचा बराचसा भाग शौचावाटे जातो.

[दृश्य: काढलेल्या थायरॉईडचा छेद, त्यातल्या सी पेशी]

या शस्त्रक्रियेत आणखी एक हॉर्मोन गेलं. कॅल्सिटोनिन थायरॉईडच्या सी पेशी बनवतात. कॅल्शियम वाढलं की ते सुटतं आणि अस्थिभक्षक पेशींना थेट आवर घालतं. पुस्तकांत ते पीटीएचच्या बरोबरीचा प्रतिस्पर्धी म्हणून रंगवलेलं असतं. मला ती मांडणी दिशाभूल करणारी वाटते. थायरॉईड पूर्ण गेली तरी कॅल्सिटोनिन नाही म्हणून कुणाचं कॅल्शियम चढत नाही. सी पेशींच्या कर्करोगात ते बेसुमार वाढतं, तरी कॅल्शियम बहुधा नॉर्मलच राहतं. बाईंचा त्रास सगळा पीटीएचचा आहे.

[दृश्य: शिरेतून सावकाश जाणारं औषध, शेजारी ईसीजी]

हात आखडू लागल्यावर गोळीवर थांबता येत नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दहा-एक मिनिटांत सावकाश देतात आणि ईसीजीवर नजर ठेवतात. कॅल्शियम कमी असताना त्यात क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांना उत्तेजित होऊन पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ, लांबलेलं असतं. मॅग्नेशियमही तपासतात, कारण ते फार घटलं असेल तर शाबूत ग्रंथीही पीटीएच सोडत नाहीत.

पुढे पोटातून कॅल्शियम आणि सोबत कॅल्सिट्रायॉल. इथे नुसतं साधं ड जीवनसत्त्व पुरत नाही, कारण ते किडनीत कार्यक्षम करणारं पीटीएचच नाही. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची, तिला पोटातलं आम्ल लागतं. थायरॉईड नसल्याने घ्यावी लागणाऱ्या थायरॉक्सिनच्या गोळीपासून मात्र चार तास लांब, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.

आतड्याची बाजू अशी सावरता येते, किडनीची नाही. रक्तात कॅल्शियम वाढवत नेलं की पीटीएचअभावी ते लघवीत उतरतं, पुढे खडे होतात, किडनीतच क्षार साचतात. म्हणून डॉक्टर बाईंचं कॅल्शियम जाणूनबुजून खालच्या मर्यादेच्या आसपास ठेवतात. रिपोर्टमध्ये ८.३ दिसलं आणि मुंग्या नसतील तर डोस वाढवत नाहीत. मधूनमधून २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं कॅल्शियम मोजतात.

[दृश्य: तपासणीचे कागद, तारखा पुढे सरकतात]

सहाव्या आठवड्यात बाईंचं पीटीएच ११ आहे, तिसऱ्या महिन्यात १९. दुखावलेल्या ग्रंथी सावरताहेत. आधी कॅल्शियम, मग कॅल्सिट्रायॉल असं एकेक कमी करत प्रत्येक बदलानंतर रक्त तपासलं जातं. बहुतेकांचं असंच होतं. वर्ष उलटूनही पीटीएच वर आलं नाही, तर दोन्ही औषधं आणि लघवीची ती तपासणी बहुधा कायमची चालू ठेवावी लागते.