पाचव्या आठवड्याची फाइल फोडताना

(दृश्य: पडद्यावर लांबलचक फाइल सरकतेय)

ही थर्मोडायनॅमिक्सच्या पाचव्या आठवड्याची फाइल. तासाला जे शिकवलं, ते त्याच क्रमाने उतरवलेलं: दुसरा नियम, कार्नो चक्र, कार्यक्षमतेचं सूत्र, मध्येच एक गणित. नाव, 'आठवडा 5'. या नावाला दुसऱ्या विषयातून लिंक कोण देणार?

(दृश्य: एक परिच्छेद निवडला जातो)

ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये परिच्छेद निवडून `Extract current selection` ही कमांड दिली, की मजकूर नव्या फाइलमध्ये जातो आणि जुन्या जागी लिंक उरते. नाव घाईत नुसतं 'कार्नो' ठेवू नये. पूर्ण विधान ठेवावं: 'कार्नो कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते'. दोन विधानं 'आणि'ने जोडावी लागली, तर आत दोन नोट्स आहेत, पुन्हा फोडा. नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून सूत्र आत जातं.

```
η = 1 − Tc/Th
Th = 500 K, Tc = 300 K → η = 0.40
227 °C आणि 27 °C तसेच घातले तर 0.88 येतं,
म्हणून [[तापमानाने गुणताना-भागताना केल्विनच घ्यावं]]
```

लिंकच्या आधीचा तो 'म्हणून' पाहा. लिंक का दिली, हे सांगणारं वाक्य नसेल तर महिन्याभराने ती आपल्यालाच कळत नाही. आणि 'ऊर्जा' शब्द दिसला की लिंक, असं केलं तर बॅकलिंकची, म्हणजे त्या नोटकडे येणाऱ्या लिंकची, यादी कचऱ्यासारखी वाढते.

(दृश्य: केल्विनची नोट, बाजूला बॅकलिंक)

आता केल्विनची नोट उघडू. बॅकलिंकमध्ये दोन नावं आहेत: आत्ताची कार्नोची नोट, आणि भौतिक रसायनाची, ΔG = ΔH − TΔS वाली. दोन विषय इथे भेटले, तेही कुणी मुद्दाम यादी न करता. खालचा `Unlinked mentions` हा भाग लिंक न देता आलेले उल्लेख दाखवतो, पण नाव जसंच्या तसं आलं तरच पकडतो. एवढं लांब वाक्य कोण पुन्हा लिहितं! म्हणून नोटच्या माथ्यावर छोटं उपनाव द्यायचं.

```
---
aliases: [केल्विन]
---
```

(दृश्य: अनुक्रमणिकेची फाइल)

दर विषयाला एक अनुक्रमणिका. अकारविल्हे नको; एका विधानावरून पुढचं जसं निघतं तसा क्रम, आणि प्रत्येक लिंकपुढे एक ओळ. परीक्षेआधी उजळणी इथूनच होते.

(दृश्य: ग्राफ)

नोट्स टिंबांनी आणि लिंक रेघांनी दाखवणारा ग्राफ दिसतो देखणा, पण फसवतो: अनुक्रमणिकेमुळे प्रत्येक टिंब जोडलेलंच दिसतं. फोडलेल्या आठवड्यांच्या फाइलीही तेच करतात. दोन्ही गाळा.

```
-file:अनुक्रमणिका -file:आठवडा
```

`Orphans` चालू ठेवा. आता जी टिंबं एकटी पडली, त्या नोट्स फक्त यादीत होत्या. एकेक उघडून विचारायचं: हे विधान कशावरून निघालं?